साइटवर कोणी भेटलं नाही, माल परत आला: ग्राहकाला कसं कळवावं आणि नवी वेळ कशी द्यावी

सिमेंट-सळईची गाडी साइटवरून भरलेलीच परत येते, तेव्हा दुकानदाराचं भाडं वाया जातं, हमालांचा अर्धा दिवस जातो आणि ग्राहकाचं काम अडतं. एवढं झाल्यावर ग्राहकाला कळवायचा फोन बहुतेक वेळा रागातच लागतो. 'तुमच्याकडं कोणीच नव्हतं हो' असं म्हणून दुकानदार मोकळा होतो. पलीकडचा माणूस लगेच 'आमचा मिस्त्री दिवसभर तिथंच होता' असं म्हणतो, आणि पुढचा सगळा वेळ कोण खरं बोलतंय यात जातो. नवी वेळ ठरवायचं राहूनच जातं.

हा लेख बांधकाम साहित्याच्या दुकानात गाड्या लावणाऱ्या, फोन घेणाऱ्या आणि व्हॉट्सॲपवर ग्राहकांशी बोलणाऱ्या माणसांसाठी आहे. मी लातूर भागात हेच काम करतो, त्यामुळे उदाहरणही इथलंच घेतो.

उदाहरणातली ऑर्डर

घरमालक पुण्यात नोकरीला आहेत. औसा रोडवरच्या गावात घर बांधतायत. गावात त्यांचे वडील असतात, त्यांना सगळे दादा म्हणतात, आणि काम एका मिस्त्रीकडं दिलंय. ऑर्डर ८० पोती सिमेंट आणि दीड टन सळईची आहे, ८ आणि १२ एमएम मिळून. म्हणजे सिमेंट चार टन आणि सळई दीड टन, एकूण साडेपाच टन. एका आयशरचा माल झाला. हमाल आपलेच, गाडीसोबत गेलेले. सोमवारी सकाळी साडेआठला बिल होऊन गाडी निघाली. साइटवर पोचली १० वाजून ४० मिनिटांनी. शेडला कुलूप होतं, मिस्त्री नव्हता, मजूर नव्हते, वडील घरी नव्हते.

आपले हमाल सोबत असतानाही माल का उतरवता येत नाही, असं नव्या माणसाला वाटतं. उतरवायला माणसं असली तरी घ्यायला माणूस लागतो. सिमेंट कुठल्या शेडमध्ये ठेवायचं ते दाखवणारा, पोती आणि सळईचे नग मोजून घेणारा, चलनावर सही करणारा असा एक माणूस हवाच. सिमेंट उघड्यावर ठेवून आलो आणि रात्री पाऊस आला, तर खालची पोती दगड होतात. रस्त्याकडेला टाकलेल्या सळईचे चार नग कमी भरले, तर ते कोणी नेले हे कधीच सिद्ध होत नाही. सही नसलेल्या चलनावर पैसे मागणंही अवघड जातं. म्हणून माल टाकून येऊ नये. मालकानं फोनवर 'शेजाऱ्यांकडं उतरवा' असं सांगितलं, तर तेच वाक्य त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं, शेजाऱ्याचं नाव चलनावर लिहावं, आणि मगच फाळका उघडावा.

पहिलं काम ड्रायव्हरचं: गाडी वळवण्याआधी

ग्राहकाला तुम्ही जे सांगणार, ते सगळं साइटवरच्या त्या अर्ध्या तासात तयार होतं. गाडी निघून आली की नंतर काही गोळा करता येत नाही. म्हणून ड्रायव्हरला एक सवय लावावी लागते: दुकानात फोन केल्याशिवाय साइट सोडायची नाही.

आमच्याकडं ड्रायव्हर पोचल्यावर आधी साइटच्या माणसाला फोन लावतो, इथं तो मिस्त्री. उचलला नाही तर घरच्या नंबरवर, मग मालकाला. दहा मिनिटांनी पुन्हा तिघांना. एकूण अर्धा तास थांबतो. या वेळात तो तीन फोटो काढतो. एकात गाडी आणि बांधकाम दोन्ही दिसतात, मागं ओळखता येईल अशी एखादी खूण असते, जसं समोरचा हातपंप, मंदिराची कमान किंवा शेजारच्या घराचा रंग. दुसऱ्यात कुलूप लागलेलं शेड दिसतं. तिसरा फोटो चलनाचा, ज्यावर त्यानं पोचल्याची आणि निघाल्याची वेळ लिहिलेली असते. फोटोवर वेळ आणि ठिकाण उमटवणारं ॲप फोनमध्ये असेल तर उत्तमच.

हे फोटो भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडतात, पण त्याहून मोठा उपयोग वेगळाच आहे. गाडी चुकीच्या साइटवर गेली असेल तर ते फोटोतच उघड होतं. एकाच गावात एकाच आडनावाची दोन बांधकामं चालू असतात. नव्या लेआउटमध्ये रस्त्यांना नावं नसतात. ग्राहकानं पाठवलेलं लोकेशन घरी बसून पाठवलेलं असतं, साइटवरून नाही. 'साइटवर कोणी नव्हतं' या तक्रारीतली बरीच प्रकरणं खरं तर 'आम्ही दुसऱ्याच साइटवर उभे होतो' या प्रकारची निघतात. म्हणून ग्राहकाशी बोलताना फोटो आधी पाठवावा आणि 'हीच साइट ना?' असं विचारावं. उत्तर 'नाही' आलं, तर माफी आपण मागायची, दुसऱ्या फेरीचं भाडंही आपलंच.

दुकानातल्या माणसानं त्या फोनवर ड्रायव्हरला आणखी एक गोष्ट विचारावी: त्याच रस्त्याला दुसऱ्या कोणाचा माल गाडीत आहे का? असेल तर तो आधी उतरवून दीड-दोन तासांनी पुन्हा याच साइटवर येता येतं, आणि मग ग्राहकाला देण्यासाठी त्याच दिवसाची वेळ हातात राहते. आपल्या उदाहरणात अख्खी गाडी एकाच मालकाची आहे, त्यामुळे ती वाट बंद. ११ वाजून १० मिनिटांनी गाडी परत निघाली.

फोन करण्याआधी पाच मिनिटं

गाडी निघाल्याबरोबर ग्राहकाला फोन करायचा, गाडी दुकानात पोचायची वाट बघायची नाही. मालकाला ही बातमी मिस्त्रीकडून संध्याकाळी कळली, तर ती वेगळ्याच रूपात कळते. तरीही फोन लावण्याआधी तीन गोष्टी समोर घेऊन बसावं.

पहिली, आदल्या दिवशी आपण कोणाला विचारलं होतं? रजिस्टरमध्ये 'रविवार संध्याकाळी मिस्त्रीला फोन, सकाळी पाठवा म्हणाले' अशी नोंद असेल, तर बोलणं एका पद्धतीनं होईल. नोंदच नसेल, म्हणजे आपण न विचारता गाडी पाठवली असेल, तर दुसऱ्या फेरीचे पैसे मागायचा विषय तिथंच संपला.

दुसरी, आपल्याकडं पुढच्या दोन-तीन दिवसांत गाडी आणि हमाल नक्की कधी मोकळे आहेत? दुकानातली गाड्यांची पाटी बघून दोन वेळा ठरवून घ्याव्यात. फोनवर 'बघतो, सांगतो' म्हटलं की तो दुसरा फोन कधी होत नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. मालाची किंमत करासह १ लाखाच्या वर असेल, तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नेतानाही ई-वे बिल लागतं. दीड टन सळई आणि ८० पोती मिळून आपली ऑर्डर त्या पुढं जाते. २०० किलोमीटरपर्यंतच्या अंतराला ई-वे बिलाची मुदत एक दिवसाची असते, आणि तो दिवस बिल केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. म्हणजे सोमवारी सकाळी केलेलं ई-वे बिल मंगळवारी रात्री १२ पर्यंत चालतं. नवी वेळ मंगळवारची दिली तर त्या कागदाची मुदत शिल्लक असते. बुधवारची दिली तर गाडी भरण्याआधी दुकानाच्या अकाउंटंटला विचारून कागद नीट करून घ्यावे लागतात. मुदत संपलेल्या कागदावर गाडी रस्त्यावर काढायची नाही. म्हणून पहिला पर्याय शक्यतो दुसऱ्या दिवसाचाच ठेवावा.

आधी फोन कोणाला

पैसे देणाऱ्याला. मिस्त्रीशी आपली रोजची ओळख असते, त्याला फोन करणं सोपं वाटतं. पण मिस्त्रीला आधी कळलं तर तो मालकाला आपल्या बाजूनं सांगतो, आणि आपण फोन करतो तेव्हा मालकाचं मत तयार झालेलं असतं. मालकाशी बोलून झाल्यावर, त्यांना सांगूनच मिस्त्रीला फोन लावावा.

बोलणं साधारण असं चालतं:

'सर, नमस्कार. लातूरहून, दुकानातून बोलतोय. दोन मिनिटं आहेत का?'

'हां, बोला. उतरला का माल?'

'नाही सर, त्यासाठीच फोन केलाय. माल सुरक्षित आहे, पण आज उतरवता आला नाही. गाडी १०:४० ला साइटवर पोचली. माल घ्यायला तिथं कोणी भेटलं नाही, म्हणून अर्धा तास थांबून ११:१० ला गाडी परत निघाली. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, ही आपलीच साइट ना?'

'साइट आमचीच आहे. पण मिस्त्री कुठं गेला? अन् दादा घरी असतील की.'

'मिस्त्रींना आणि दादांना दोन-दोनदा फोन लावला, लागला नाही. तुम्हालाही दोनदा केला होता, तुम्ही कामात असाल.'

'मीटिंगमध्ये होतो. थांबा… अहो, आज अमावास्या! मिस्त्री कसला येतोय. दादा डोळे दाखवायला लातूरला गेलेत.'

'बरं, लक्षात आलं. सर, सळई बांधायला कधी घेणार आहेत?'

'गुरुवारी म्हणाला होता.'

'मग अडचण नाही, त्याआधी पोचवतो. माझ्याकडं दोन वेळा आहेत. मंगळवारी सकाळी ८ ते १०, नाहीतर बुधवारी दुपारी ३ ते ५. कुठली धरू?'

या बोलण्यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. 'माल सुरक्षित आहे' हे दुसऱ्याच वाक्यात आलं, कारण लाखाच्या वरचा माल कुठं आहे हा मालकाच्या मनातला पहिला प्रश्न असतो. मिस्त्री का नव्हता, ते आपण सांगितलं नाही. एव्हाना आपल्यालाही अमावास्या आठवली होती, पण 'तुमचा मिस्त्री अमावास्येमुळं आला नसेल' असं आपण म्हटलं असतं तर मालकानं मिस्त्रीची बाजू घेतली असती. आपण वेळ आणि घडलेली गोष्ट तेवढी सांगावी, त्यामागचं कारण मालकाला स्वतः शोधू द्यावं. आणि सळई कधी लागणार हे विचारल्यावरच वेळ दिली. काम अडणार नाही हे मालकाला एकदा कळलं की राग निम्मा उतरतो. समजा त्यांना सळई मंगळवारी सकाळी सातलाच लागणार असती, तर ते वेळ देण्याआधीच कळायला हवं होतं.

'तुम्हाला केव्हा पाठवू?' असं मोकळं विचारू नये. ग्राहक 'उद्या कधीही पाठवा' म्हणतो, आणि तीच परिस्थिती पुन्हा येते. दोनच वेळा द्याव्यात, एक सकाळची, एक दुपारची, वेगवेगळ्या दिवशी. एकाच दिवशीच्या दोन वेळा दिल्या आणि त्या दिवशी घरात लग्नकार्य असलं तर दोन्ही फुकट. वेळ दोन तासांची असावी. त्याहून कमी धरली तर वाटेत एक टायर बसला की आपण खोटे ठरतो, आणि अर्धा दिवस धरला तर साइटवरचा माणूस कंटाळून जेवायला जातो.

दुसऱ्या फेरीचे पैसे

हा विषय फोनवरच काढावा, संदेशात अचानक टाकू नये. आकडा मोबाइलच्या पडद्यावर पहिल्यांदा दिसला की माणूस दुखावतो.

माझं मत स्पष्ट आहे. आदल्या दिवशी फोन करून होकार घेतला नसेल तर एक रुपया मागू नये. होकार घेतला असेल आणि कोटेशनवर तशी अट लिहिलेली असेल, तर गाडीभाड्याचा अर्धा भाग मागणं रास्त आहे, पूर्ण भाडं नाही. आपल्या उदाहरणात भाडं १८०० रुपये आहे आणि मिस्त्रीनं रविवारी होकार दिला होता, म्हणून ९०० रुपये. मालकाला असं सांगावं: 'सर, काल संध्याकाळी मिस्त्रींना विचारून गाडी पाठवली होती. दुसऱ्या फेरीचं निम्मं भाडं ९०० रुपये आपल्या बिलात येईल, निम्मं आम्ही सोसतो. चालेल का?' आणि थांबावं. मालकानं नाही म्हटलं आणि ग्राहक जुना असेल, तर आग्रह धरू नये. अख्ख्या घराचा माल त्यांच्याकडं अजून जायचाय.

पैशांबरोबरच सळईच्या दराचा खुलासाही त्याच दमात करावा. सळईचे भाव रोज बदलतात आणि जालन्यात भाव हलला की लातूरच्या दुकानातही हलतो. माल परत आला म्हटल्यावर ग्राहकाच्या मनात येतं की आता नव्या भावानं बिल होणार. बिल सोमवारच्या भावानं झालंय आणि तोच भाव राहील, हे न विचारता सांगावं. भाव उतरला तर ग्राहक कमी लावायला सांगेल, ही भीती असते. त्याला उत्तर एकच: बिल झालं त्या दिवसाचा भाव दोन्ही बाजूंना बांधील.

लेखी संदेश

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत व्हॉट्सॲप जावं. फोनवर ठरलेलं सगळं त्यात असावं, नवीन काही नसावं. मालकाला पाठवून तोच संदेश मिस्त्रीला आणि घरच्यांनाही पाठवावा, म्हणजे तिघांकडं एकच तारीख राहते.

> नमस्कार सर,
> आपल्या ऑर्डरचा माल (सिमेंट ८० पोती, सळई ८ व १२ एमएम, एकूण दीड टन) आज सोमवार ९ तारखेला सकाळी १०:४० वाजता साइटवर पोचला होता. माल घेण्यासाठी कोणी भेटू न शकल्यामुळे ११:१० वाजता गाडी परत निघाली. माल आमच्या गोडाऊनमध्ये आपल्या नावानं वेगळा ठेवत आहोत.
>
> फोनवर ठरल्याप्रमाणे नवी वेळ: मंगळवार १० तारीख, सकाळी ८ ते १०.
> साइटवर माल मोजून घेऊन सही करणारी व्यक्ती: ________ फोन: ________
> शेडची किल्ली त्यांच्याकडं असावी. हमाल आमचे येतील.
>
> बिलाचा भाव आहे तोच राहील. दुसऱ्या फेरीचं निम्मं भाडं ₹९०० बिलात येईल.
> वरचं नाव व नंबर आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवावा, म्हणजे सकाळी गाडी भरता येईल.

यातल्या 'कोणी भेटू न शकल्यामुळे' या रचनेकडं बघा. 'तुम्ही हजर नव्हता' किंवा 'आपल्या चुकीमुळे' असं लिहिलेला संदेश घरात सगळ्यांना दाखवला जातो, आणि मिस्त्रीला दाखवला की तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाचं नाव सुचवतो. 'डिलिव्हरी फेल' असं तुटक लिहिलं तर पुण्यात बसलेल्या मालकाला आधी कळतच नाही की माल गेला कुठं. 'उद्या' असंही लिहू नये, वार आणि तारीख दोन्ही लिहावी, कारण मिस्त्री हा संदेश रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो.

सगळ्यात महत्त्वाची ओळ मोकळी जागा सोडलेली आहे. नाव आणि नंबर ग्राहकानं स्वतः भरून द्यायचा. 'कोणीतरी असेल' हे उत्तर चालवून घेऊ नये. त्या माणसाचं नाव मिळालं की संध्याकाळी थेट त्यालाच फोन करता येतो. आपल्या उदाहरणात मालकानं वडिलांचं नाव दिलं. मग एक गोष्ट विचारायलाच हवी: दादांकडं शेडची किल्ली आहे का, आणि नग मोजता येणारं कोणी त्यांच्यासोबत आहे का? वयस्कर माणसाला ऐंशी पोती मोजत उन्हात उभं करणं बरं नाही. शेजारचा एखादा तरुण असेल तर त्याचाही नंबर घ्यावा.

ग्राहक फोन उचलतच नसेल, तर संदेश थोडा बदलतो. त्यात ठरलेली वेळ नसते, म्हणून दोन वेळा लिहून निर्णयाची मुदत द्यावी:

> … फोन लावला होता, आपण कामात असाल. आपल्यासाठी दोन वेळा राखून ठेवल्या आहेत: (१) मंगळवार १० तारीख, सकाळी ८ ते १०, (२) बुधवार ११ तारीख, दुपारी ३ ते ५. कृपया १ किंवा २ एवढंच लिहून पाठवावं. आज संध्याकाळी ६ नंतर मंगळवारची गाडी दुसरीकडं लावावी लागेल. बुधवारची वेळ मंगळवारी दुपारी १२ पर्यंत राखून आहे.

ग्राहकानं एक आकडा टाइप करावा, एवढंच काम त्याच्याकडं ठेवलं की उत्तर येतं. मुदत लिहिली असेल तर ती पाळावी. सहा वाजता गाडी दुसरीकडं लावली तर तेही एका ओळीत कळवावं.

मराठवाड्यात वेळ देताना कॅलेंडर बघणं

आपल्याकडं अमावास्येला बहुतेक गवंडी काम बंद ठेवतात. दुकानाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या अमावास्या लाल पेनानं गोल करून ठेवाव्यात, हा पाच मिनिटांचा उद्योग कित्येक फेऱ्या वाचवतो. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या वेळअमावास्येला, म्हणजे येळवसेला, तर अख्खं गाव शेतात असतं. त्या दिवशी साइटच काय, गल्लीत कोणी सापडत नाही. त्या दिवसाची वेळ ग्राहकानं मागितली तरी 'येळवस आहे, दुसऱ्या दिवशी पाठवू का?' असं आपणच विचारावं. गावचा आठवडी बाजार दुपारी अडचणीचा ठरतो, एक तर मजूर बाजारात असतात आणि शिवाय गावातल्या रस्त्यावर आयशर वळत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी १२ ते ४ ची वेळ देऊच नये, कारण त्या उन्हात साइटवर थांबायला कोणी तयार होत नाही आणि हमालांनाही ऐंशी पोती वाहायला लावणं धोक्याचं आहे.

परत आलेला माल ठेवताना

ग्राहकाला 'आपल्या नावानं वेगळा ठेवला' असं लिहिलंय, तर ते खरं असलं पाहिजे. सळई गोडाऊनमधल्या ढिगात मिसळली की दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लागते आणि वजनावरून वाद होतो. बंडल सोडू नयेत, तारेनं बांधलेले तसेच ठेवून मालकाच्या नावाचा पुठ्ठा अडकवावा. १२ एमएमच्या १२ मीटर लांब नगाचं वजन साधारण १०.६६ किलो असतं, म्हणून नगांची संख्या आणि पहिल्या दिवशीची काटा पावती एकत्र ठेवली की हिशोब लागतो. माल गाडीतून उतरवला असेल तर पुन्हा भरताना काटा पुन्हा करावा आणि दोन्ही पावत्या चलनाला जोडाव्यात. सिमेंट गाडीतच ताडपत्रीखाली ठेवलं तर एक रात्र चालतं, पण पावसाळ्यात ते फळ्यांवर, भिंतीपासून दूर उतरवून घ्यावं.

संध्याकाळी सात-साडेसातला दादांना फोन करावा. 'दादा, उद्या सकाळी ८ ते १० मध्ये गाडी येतीय. ड्रायव्हर निघताना तुम्हाला फोन करील. शेडची किल्ली तुमच्याकडंच आहे ना?' त्यांनी होकार दिला की रजिस्टरमध्ये वेळ आणि 'दादा हो म्हणाले' असं लिहावं. सकाळी गाडी सुटताना ड्रायव्हरनं पुन्हा फोन करावा, आणि तो उचलला गेला नाही तर गाडी औशाच्या फाट्याआधी थांबवून दुकानात विचारावं.

इतकं करूनही दुसऱ्यांदा कोणी भेटलं नाही, तर तिसरी वेळ आपण सुचवायची नाही. मालकाला फोन करून एवढंच सांगावं की माल गोडाऊनमध्ये आहे, पुढची गाडी तुम्ही सांगाल तेव्हा, त्या वेळेला साइटवर माणूस उभा असल्याचा फोटो पाठवाल तेव्हा लगेच निघेल. भाडं या वेळी पूर्ण लागेल. सिमेंटच्या पोत्यावर ते बनल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तो आकडा मालकाला लिहून पाठवावा, कारण तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय स्लॅबला वापरू नये, आणि पोती पडून राहिली तर ती मुदत त्यांच्याच मालाची संपत जाते. दोन आठवड्यांत काही ठरलं नाही, तर सिमेंट साठ्यात परत घेऊन तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट करावी आणि सळई त्यांच्या पुठ्ठ्यासह तशीच ठेवावी. तसं ठरल्याचं व्हॉट्सॲपवर मालकाकडून 'ठीक आहे' असं लेखी घेऊन मगच अकाउंटंटला सांगावं.